तांत्रिक पुस्तिकांच्या मराठी अनुवादातील क्रमांक-जुळणी

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत आकृतीचा क्रमांक, आकृतीत रेघ ओढून दाखवलेला भाग-क्रमांक आणि कृतीच्या पायरीचा क्रमांक असे तीन प्रकारचे आकडे येतात. अनुवादानंतरही प्रत्येक आकडा मूळच्याच वस्तूकडे बोट दाखवत राहावा, यासाठी घेतलेली काळजी म्हणजे क्रमांक-जुळणी.

सर्वाधिक चुका भाग-क्रमांकांत होतात. इंग्रजी सूचनेत क्रियापद आधी येते, मराठीत शेवटी; त्यामुळे नामांचा क्रम उलटतो. मूळ वाक्यात बोल्ट (६), कव्हर (२), हाउसिंग (९) असा क्रम असेल, तर मराठी वाक्य होते : ‘हाउसिंगला (९) कव्हर (२) बसवणारा बोल्ट (६) काढा.’ अनुवादकाने शब्द फिरवले पण आकडे जागीच ठेवले, तर बोल्टपुढे ९ येतो आणि तंत्रज्ञाला चित्रात त्या जागी हाउसिंग दिसते. मधला २ बरोबरच असल्याने वरवरच्या वाचनात चूक निसटते. अनुवाद-सॉफ्टवेअरमधील आकडे-तपासणीही ती पकडत नाही, कारण दोन्ही वाक्यांत तेच तीन आकडे आहेत, एवढेच ती पाहते. म्हणून चित्र समोर ठेवून एकेक नाम त्याच्या आकड्याशी ताडून पाहणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

आकडा प्रत्यय लागलेल्या शब्दानंतर लिहावा : ‘कव्हरच्या (२) खाली’. ‘कव्हर (२) च्या खाली’ असे लिहिल्यास प्रत्यय सुटा पडतो. नग सांगायचे असतील तर ते अक्षरी द्यावेत. ‘चार स्क्रू (२)’ यात घोटाळा उरत नाही.

अंकांची लिपी चित्रावरून ठरते. चित्रातील आकडे बहुधा प्रतिमेचाच भाग असतात आणि बदलता येत नाहीत, अशा वेळी मजकुरातही तेच अंक हवेत. मिश्रण धोक्याचे आहे : देवनागरी ५ हा 4 सारखा, तर ४ हा 8 सारखा वाचला जाऊ शकतो.

आकृतीचा उल्लेख पुष्कळदा सॉफ्टवेअर आपोआप भरते. त्या तयार ‘आकृती ४’ला आतून विभक्ती लावता येत नाही, म्हणून वाक्यच ‘(पाहा : आकृती ४)’ असे बेतणे सोयीचे.

पायऱ्यांत धोका वेगळा असतो. पाचव्या पायरीतील लांब वाक्य तोडून दोन स्वतंत्र पायऱ्या केल्या, की पुढचे सगळे क्रमांक एकाने वाढतात. पण ‘पायरी ७ ते ९ पुन्हा करा’ ही हाताने टाइप केलेली सूचना जुनीच राहते. त्यामुळे वाक्य तोडले तरी दोन्ही वाक्ये त्याच पायरीत ठेवावीत. वर्डमध्ये हे उल्लेख फील्ड म्हणून घातलेले असतील, तर `Ctrl+A` व नंतर `F9` दाबल्यावर ते ताजे होतात. अनुवाद करताना मूळ बुकमार्क पुसला गेला असेल, तर तिथे `Error! Reference source not found.` असा संदेश उमटतो. छपाईपूर्वी त्याचा शोध घेऊन ती जोडणी पुन्हा करावी लागते.