बॉयलरच्या अहवालातला जाडीचा रकाना

कोल्हापुरात गाळप संपलं की कारखान्याचा बॉयलर थंड करून उघडतात. नळ्या घासून साफ होतात आणि मग निरीक्षकांच्या भेटीची तयारी सुरू होते. त्या तपासणीच्या अहवालात जाडीची मापं, सापडलेले दोष आणि शेवटी वापरण्यास योग्य की नाही, हे मुख्यतः असतं. हा क्रम बसायला मात्र बराच काळ गेला.

1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली, तेव्हा बंगालमध्ये तपासणीचा पहिला कायदा आला. पुढे प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे नियम गुंडाळून 1923 चा कायदा झाला, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. 1906 साली शाहू मिल उभी राहिली ते कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, 1949 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर बॉयलरचे 1950 चे नियम आले. 2025 मध्ये 1923 च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

पूर्वी पत्रा किती झिजला हे हातोडीच्या आवाजावरून ओळखत. खात्री हवी असेल तर भोक पाडून मोजत आणि ते पुन्हा बुजवत. अल्ट्रासॉनिक मापक आल्यावर नळी न फोडता जाडीचा आकडा मिळू लागला, आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलनाही शक्य झाली. माझ्या मते अहवालाचं खरं बळ या तुलनेत आहे.

एक हिशेब मांडून पाहू. 45 किलो प्रति चौ. सेंमी दाबाचा, बगॅसवर म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालणारा बॉयलर, नळीचा बाहेरचा व्यास 51 मिमी, मूळ जाडी 4.06 मिमी. पोलादाला 1000 किलो प्रति चौ. सेंमी ताण चालतो असं धरून आणि झिजेसाठी 0.75 मिमी जादा घेऊन किमान जाडी 1.87 मिमी येते. गेल्या वर्षी नळ्यांच्या एका ओळीत जाडी 3.1 मिमी होती, यंदा 2.5. आकडा मर्यादेच्या वर आहे, म्हणून ती नळी आज पास वाटते. पण एका हंगामात 0.6 मिमी गेली, म्हणजे पुढच्या हंगामाअखेर 1.9 उरणार, मर्यादेला जवळजवळ टेकलेली. ती ओळ आत्ताच बदलायला हवी.

दाब 40 वर आणला तर? किमान जाडी 1.75 होते, फायदा जेमतेम 0.12 मिमी. झीज दाबाने होतच नाही, जळणाच्या वायूबरोबर वाहणारी राख आणि उसासोबत आलेली वाळू नळी घासते. अशा नळीचा वायूकडचा भाग चकचकीत आणि चपटा दिसतो, म्हणून दोषाच्या रकान्यात नुसतं 'झीज' न लिहिता कोणती बाजू तेही लिहावं.

मापकाचीही मर्यादा आहे. आतून ऑक्सिजनने पडलेला बारीक खड्डा त्याच्या टोकापेक्षा लहान असेल, तर तो हुकू शकतो. त्यामुळे एकाच नळीवर चार बाजूंनी मापं घेतात. आकडे विस्कळीत आले, तर तिथली एक नळी कापून आतून पाहावी लागते.