शटरवरची वेळ फोन चुकीची का वाचतो?

समजा, गिरगावातल्या एका दुकानाच्या बंद शटरवर ऑइल पेंटने असं लिहिलंय:

वेळ : सकाळी ९.३० ते १, सायं. ५ ते ९
सोमवारी बंद
लक्ष्मीपूजन ते भाऊबीज दुकान बंद राहील

मराठी न येणाऱ्या माणसाने याचा फोटो काढून फोनकडून इंग्रजी भाषांतर मागितलं, तर वाक्यं बहुधा सुबक येतात. चूक होते ती आकड्यांत आणि तारखांत.

फोन हे काम साधारणपणे दोन टप्प्यांत करतो. आधी चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवतो आणि मग त्या मजकुराचं भाषांतर करतो. दुसऱ्या टप्प्याला फोटो दिसत नाही, त्याच्या हाती फक्त मजकूर येतो. त्यामुळे पहिल्या टप्प्यात एक आकडा चुकला, तर तो चुकीचा आकडाच नीटनेटक्या इंग्रजीत पुढे जातो आणि कुणाला शंकाही येत नाही.

अक्षरं ओळखण्यात शटर फार आडवं येतं. ते आडव्या, किंचित फुगीर पट्ट्यांचं बनलेलं असतं आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यात काळी रेघ दिसते. देवनागरीची शिरोरेषाही आडवीच. अक्षरं ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत ओळीतला सर्वांत जास्त काळा आडवा पट्टा शोधून तीच शिरोरेषा धरत. शटरवर ती पद्धत सांध्यालाच शिरोरेषा समजू शकते. आजच्या प्रणाली अख्खी ओळ एकदम वाचतात, तरी सांध्यावर पडलेली बारीक खूण त्यांच्याही हातून निसटते. ‘बंद’वरचा अनुस्वार गेला तर शब्द निदान ओळखता येतो. पण ९.३० मधला टिंब गेला की ९३० उरतं. उलट गंजाचा ठिपका किंवा रिव्हेट नसलेला टिंब तयार करतं.

म्हणून फोटो अगदी समोरून घ्यावा, तिरका नको. फ्लॅश बंद ठेवावा, कारण ऑइल पेंट चकाकतो आणि नेमके मधले आकडे पांढरे पडतात. अगदी जवळ जाण्यापेक्षा दोन पावलं मागे सरून थोडा झूम केला, तर कडेची अक्षरं कमी वाकतात. आणि भाषा आपोआप ओळखू न देता स्वतः ‘मराठी’ निवडावी. लिपी एकच असल्याने इतका छोटा मजकूर हिंदी समजला जाणं सहज शक्य आहे.

सर्वांत घातक गोंधळ आकड्यांचा असतो. आपला १ आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखेच दिसतात. मुंबईच्या पाट्यांवर दोन्ही लिपींतले आकडे एकत्र येत असल्याने फोन दोन्ही शक्यता विचारात घेतो. मग ‘९.३० ते १’चं ‘साडेनऊ ते नऊ’ होतं. हे पकडायला भाषा लागत नाही, हिशेब पुरतो: दोन्ही पाळ्यांची लांबी काढायची. साडेनऊ ते एक म्हणजे साडेतीन तास, पाच ते नऊ म्हणजे चार तास, दोन्ही पटण्यासारखं. साडेनऊ ते नऊ हे सकाळच्या पाळीत बसतच नाही. ‘सकाळी’ हा शब्दही फक्त ९.३० ला लागू आहे, एक दुपारचा. भाषांतरात दोन्ही वेळांना सकाळच चिकटली असेल, तर पाळी रात्री एकला संपते असं दिसेल. सूचनेत तारीख आणि वार दोन्ही असतील तर कॅलेंडर उघडून ते जुळतात का पाहावं. दि. ११ चा ९९ झाला तर तो लगेच कळतो. १३ चा १२ झाला तर फक्त वारच तो पकडून देतो.

शेवटच्या ओळीत आकडे नाहीत, तरी ती अवघड आहे. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज तिथीवर ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. भाषांतरात नुसतं ‘दिवाळी’ आलं, तर वाचणारा इंटरनेटवर दिवाळीची तारीख शोधेल आणि तिथेच फसेल. २०२५ मध्ये उत्तरेत अनेक ठिकाणी दिवाळी २० ऑक्टोबरला झाली, तर महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची सुट्टी २१ ला होती. ‘पाडवा’ लिहिलेलं असेल तर आणखी जपावं लागतं, कारण गुढीपाडवा आणि दिवाळीचा पाडवा यांत साधारण सात-आठ महिन्यांचं अंतर आहे. तेव्हा सणांची नावं तशीच ठेवून शेजारी त्या वर्षीची तारीख मराठी पंचांगातून घालावी.

शिवाय ‘ते’मध्ये दोन्ही टोकांचे दिवस धरलेले असतात. इंग्रजीत ते स्पष्ट लिहिलं नाही, तर गिऱ्हाईक भाऊबिजेलाच दुकानाशी येऊन उभं राहील. २०२५ साठी या ओळीचं बरोबर भाषांतर असं झालं असतं: मंगळवार २१ ते गुरुवार २३ ऑक्टोबर, दोन्ही दिवस धरून बंद, शुक्रवार २४ ला सकाळी साडेनऊला उघडेल.