पैठणी बदलली, पण त्वचेचा रंग का बदलला?

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका फोटो स्टुडिओत अलीकडे एक तक्रार ऐकली. विवाहाच्या परिचयपत्रासाठी मुलीचा गळाबंद पांढऱ्या कुर्त्यातला फोटो होता आणि एआयच्या साधनाने त्यावर गोल गळ्याच्या ब्लाउजसह मरून पैठणी चढवली होती. पैठणी उत्तम जमली होती, पण मुलीची आई म्हणाली, "हा रंग आमच्या मुलीचा नाही." यंत्राने फक्त कपडे बदलले असताना त्वचा कशी बदलेल, असे स्टुडिओतल्या लोकांना वाटत होते. हा समज फार सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे.

अशी अनेक साधने मूळ फोटोवर थेट काम करत नाहीत. ती आधी त्याचे एक आकुंचित रूप तयार करतात. स्टेबल डिफ्यूजन या चित्रे रचणाऱ्या एआय साधनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ५१२ × ५१२ पिक्सेलचा रंगीत फोटो ६४ × ६४ च्या चार थरांत बसवला जातो, म्हणजे सुमारे ७ लाख ८६ हजार संख्यांच्या जागी जेमतेम १६ हजार संख्या उरतात. त्यांवरून फोटो पुन्हा उलगडताना गालाचा रंग आणि त्वचेचा पोत यांचा अंदाजच बांधावा लागतो. सूचना वाचून संपूर्ण चित्र नव्याने रचणाऱ्या साधनांत हा फरक आणखी वाढू शकतो.

यावर उपाय फोटोशॉपसारख्या साधनातल्या लेयर मास्कचा आहे. मूळ फोटो खाली आणि तयार झालेला फोटो त्याच आकाराचा करून वर ठेवावा. वरच्या लेयरचा ब्लेंड मोड तात्पुरता 'डिफरन्स' केला की दोन्ही चित्रे जिथे तंतोतंत जुळतात तिथे काळे दिसते. डोळ्यांभोवती उजळ दुहेरी रेघा दिसल्या, तर वरचे चित्र सरकलेले आहे आणि ते आधी जुळवून घ्यायला हवे. मग मोड पूर्ववत करून वरच्या लेयरला पूर्ण काळा मास्क द्यावा आणि फक्त पैठणीच्या जागी पांढरा ब्रश फिरवावा. पांढऱ्या जागी वरचे चित्र दिसते, काळ्या जागी खालचे. चेहरा, केस आणि हात अशा रीतीने जसेच्या तसे मूळ फोटोतून परत येतात.

खरी अडचण गळ्याशी येते. मूळ फोटोत कुर्त्याने झाकलेली मान नव्या फोटोत उघडी आहे. ती त्वचा मूळ फोटोत नाहीच, म्हणून ती यंत्राने रचलेलीच घ्यावी लागते. इथे बहुतेक जण मास्कची कड मऊ करतात आणि काम झाले असे मानतात. मास्कमागचे गणित साधे आहे:

```
R = m × G + (1 − m) × O
```

यात G म्हणजे तयार झालेल्या चित्राचा रंग, O म्हणजे मूळ रंग आणि m म्हणजे मास्कचे मूल्य, काळ्यासाठी ० व पांढऱ्यासाठी १. समजा, एकाच गालावर मोजलेला लाल रंग मूळ फोटोत १७८ आणि नव्यात १९० आहे. मधल्या करड्या मास्कवर उत्तर १८४ येते. म्हणजे मऊ कडेने बारा अंकांची पायरी काढून टाकली नाही, तिच्या जागी फक्त उतार घातला. मान चेहऱ्यापेक्षा परकीच राहते.

म्हणून आधी रंग जुळवावा आणि मगच कड मऊ करावी. रंग मोजणारा आयड्रॉपर एका पिक्सेलवर न ठेवता ११ × ११ पिक्सेलची सरासरी घेईल असा लावावा आणि दोन्ही चित्रांत गालाची तीच जागा मोजावी. या उदाहरणात लाल, हिरवा, निळा या क्रमाने मूळ मूल्ये १७८, १३२, १०६ आणि नवी १९०, १४४, १२२ आहेत. निळा सर्वाधिक वाढला आहे, म्हणून त्वचा उजळ तर झालीच, शिवाय तिच्यातली पिवळसर ऊबही कमी झाली. रंगांची मूल्ये कमी-जास्त करणारा कर्व्ह्ज लेयर फक्त वरच्या लेयरला जोडून लाल १९० वरून १७८ वर, हिरवा १४४ वरून १३२ वर आणि निळा १२२ वरून १०६ वर आणावा. मानेवरचे १७०, १२६, १०४ मग सुमारे १५९, ११५, ९० होतात. या कर्व्ह्जलाही स्वतःचा मास्क हवा, नाहीतर पैठणीचा मरून रंगही बदलेल.

"उजळ झाली तर बिघडले काय?" असे विचारणारेही स्टुडिओत भेटतात. गोरेपणाच्या हव्यासाला यंत्राच्या चुकीने खतपाणी मिळू नये, असे मला आग्रहाने वाटते; परिचयपत्रातली मुलगी तीच मुलगी दिसली पाहिजे. एका क्लिकमध्ये सारे होते या जाहिरातीही म्हणूनच विश्वासार्ह नाहीत.

कड कुठे ठेवायची, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कापड आणि त्वचा जिथे भेटतात तिथे दोन-तीन पिक्सेलची मऊ कड पुरते, कारण तिथे रंग खरोखरच एकदम बदलतो. त्वचेला त्वचा जोडताना मात्र रुंद उतार हवा आणि तो हनुवटीखालच्या सावलीत ठेवावा, कारण तिथे रंग मुळातच हळूहळू गडद होत जातो. सांधा तपासण्यासाठी सर्वांत वर एक तात्पुरता, अतिशय तीव्र वळणाचा कर्व्ह्ज लेयर ठेवावा. साध्या नजरेला न दिसणारी पायरी त्यात ठळक पट्टा होऊन दिसते.

एक मर्यादा तरीही उरते. पांढरा कुर्ता हनुवटीच्या खालच्या भागावर प्रकाश परावर्तित करतो, मरून पैठणी तिथे कमी आणि लालसर प्रकाश टाकते. चेहरा मूळ फोटोतून परत आणला की त्याबरोबर कुर्त्याचा तो पांढरा प्रकाशही येतो. तो कमी करायचा तर हनुवटीच्या खालच्या कडेवर, रंग जुळवलेले नवे चित्र विसेक टक्के दिसेल इतपत मास्क उजळावा, पण ओठांपर्यंत जाऊ नये. तिथे चेहऱ्याचा आकारच दुहेरी दिसू लागतो.