ब्रोमेलेन : अननस आणि तोंडाची चुरचुर

अननसाच्या फळात व खोडात आढळणारे प्रथिनभंजक एंझाइम. काटेकोरपणे पाहता ते एक एंझाइम नसून परस्परांशी जवळचे नाते असलेल्या अनेक एंझाइमांचे मिश्रण आहे. पपईतील पपेनही याच कुळातले. ताजे अननस खाताना जीभ चुरचुरते, ओठांच्या कडा हुळहुळतात. त्यावरून ‘आपण अननस खातो तेव्हा अननसही आपल्याला खात असतो’ अशी समजूत रूढ झाली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण थोडेच.

अननसाच्या रसातून हे एंझाइम प्रथम वेगळे करण्याचे श्रेय सामान्यतः व्हेनेझुएलाचे रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते मार्कानो यांना दिले जाते (१८९१ च्या सुमारास). त्यानंतर लवकरच अमेरिकेत रसेल चिटेंडन यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. खोडातही ते विपुल असते, हे हाइनिके व गॉर्टनर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. फळे काढल्यावर खोड वायाच जात असल्याने व्यापारी उत्पादन पुढे मुख्यतः खोडापासून होऊ लागले.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ब्रोमेलेनच्या क्रियास्थानी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. शेजारच्या हिस्टिडिनच्या मदतीने त्यातील गंधक साखळीच्या एका दुव्यावर हल्ला करते व दुवा तुटतो. साखळीचा एक तुकडा सुटून जातो, तर दुसरा काही क्षण एंझाइमलाच चिकटून राहतो. पाण्याचा रेणू त्यालाही मोकळा करतो आणि एंझाइम पुढच्या दुव्यासाठी सज्ज होते. मात्र दुवा उघडा असावा लागतो. घट्ट घडी पडलेले प्रथिन सहज तुटत नाही, उलगडलेले चटकन तुटते.

जिलेटिनच्या जेलीत हे डोळ्यांनी पाहता येते. जिलेटिन म्हणजे तापवून उलगडलेले कोलॅजेन. कोमट द्रावणात ताज्या अननसाच्या फोडी घालून ते थंड केले, तर जाळे विणायला लागणाऱ्या लांब साखळ्याच उरत नाहीत आणि मिश्रण पातळ राहते. डबाबंद अननस घातले तर जेली नीट बसते, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने एंझाइम निकामी झालेले असते. अगर-अगर हे प्रथिन नसून कर्बोदक असल्यामुळे त्याची जेली ताज्या अननसानेही बिघडत नाही. फळ नुसते गोठवल्याने एंझाइम नष्ट होत नाही. म्हणून गोठवलेल्या फोडी वितळवून वापरल्या तरी जेली फसते.

चुरचुरण्याचे नेमके कारण काय, याविषयी मतभेद आहेत. एक पक्ष ब्रोमेलेनला जबाबदार धरतो, दुसरा कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांना (रॅफाइड), तर तिसरा रसाच्या आम्लतेला. येथेही डबाबंद अननसाचा दाखला उपयोगी पडतो. तेही चांगलेच आंबट असते आणि ऑक्झॅलेटचे स्फटिक त्या उष्णतेने नाहीसे होत नाहीत. तरीही ते ताज्या फळासारखे झोंबत नाही. म्हणजे आम्ल व सुया एवढ्यानेच भागत नाही. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत किवी फळातील सुया आणि प्रथिनभंजक एंझाइम एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना पानांवरून खाऊ घातले. वेगवेगळे दिल्यास त्यांचा परिणाम किरकोळ होता. एकत्र दिल्यावर मात्र तो घातक ठरला. सुया बारीक भोके पाडतात आणि एंझाइमला आत वाट मिळते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. माणसाच्या तोंडाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तिन्ही कारणे एकत्र काम करतात हे मत अधिक पटणारे वाटते.

तोंड प्रत्यक्षात ‘पचत’ का नाही, याची कारणे साधी आहेत. लाळ रस पातळ करते व गिळताना तो वाहून नेते. घास तोंडात क्षणभरच टिकतो. लाळेतील म्युसिन या प्रथिनावर शर्करांचे दाट आवरण असल्याने ते लवकर तुटत नाही. एंझाइमची झळ मुख्यतः या लेपाला आणि अस्तराच्या वरच्या पेशींना लागते. त्या पेशी एरवीही झडून नव्या येतच असतात, त्यामुळे चुरचुर सहसा काही तासांत ओसरते. गिळलेल्या ब्रोमेलेनचा बराचसा भाग जठरातील आम्ल व पेप्सिन निकामी करतात.

संहत ब्रोमेलेन ऊतींवर काय करू शकते, हे भाजलेल्या जखमांच्या उपचारात दिसते. अननसाच्या खोडापासून तयार केलेले नेक्सोब्रिड हे औषध (युरोपात २०१२, अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य) जखमेवर लावून चार तास झाकून ठेवतात. तेवढ्या वेळात ते जळलेली, मृत त्वचा सुटी करते आणि खालची जिवंत ऊती बहुतांशी शाबूत राहते. मृत त्वचेतील प्रथिने उष्णतेने आधीच उलगडलेली असतात, हे यामागचे एक कारण मानले जाते.

अननसाची अधिहर्षता (ॲलर्जी) ही मात्र वेगळी बाब आहे. ओठ किंवा घसा सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास घेताना त्रास होणे ही लक्षणे एंझाइमच्या चुरचुरीची नव्हेत. त्यांवर तातडीने वैद्यकीय उपचार लागतात.