पार्श्वभूमी: बुडालेल्या कंपनीच्या पैशांवर आधी हक्क कोणाचा?

दिवाळखोरीतल्या मालमत्तेचे वाटप म्हटले की सगळ्यांना सारख्या प्रमाणात मिळावे, ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या १५४२ च्या दिवाळखोरी कायद्यातच ती आहे: ज्याचे जेवढे येणे, त्या प्रमाणात त्याचा वाटा. हा नियम आजही कायद्यात आहे. पण तो लागू होतो तो आधीच्या सगळ्यांचे भागल्यावर, आणि तोवर बहुधा काही उरलेले नसते. असे का झाले हे समजायला एकोणिसाव्या शतकातली एक युक्ती पाहावी लागते. तिचे नाव फ्लोटिंग चार्ज, म्हणजे तरता बोजा.

इमारत किंवा जमीन गहाण ठेवली की बोजा त्या एका वस्तूवर बसतो आणि कर्जदात्याच्या संमतीशिवाय ती विकता येत नाही. हा स्थिर बोजा. पण कारखान्यातला कच्चा माल आणि ग्राहकांकडची येणी रोज बदलतात. त्यांवर असा बोजा बसवला तर धंदाच थांबेल. १८७० मध्ये इंग्लिश न्यायालयाने पनामा, न्यूझीलंड अँड ऑस्ट्रेलियन रॉयल मेल कंपनीच्या प्रकरणात कंपनीच्या आजच्या आणि उद्याच्या साऱ्या मालमत्तेवरचा बोजा मान्य केला. कंपनी चालू असेपर्यंत माल मोकळेपणाने विकायचा. बुडाली की त्या क्षणी जे हाती असेल त्यावर बोजा पक्का बसतो. कर्ज देणाऱ्याची यात फारच सोय झाली. माल उधारीवर देणाऱ्याला मात्र गोदामात रचलेला स्वतःचाच माल दिसत राही आणि तो आता दुसऱ्याच्या तारणात गेला आहे हे कळतही नसे.

याचे टोक सॅलोमन खटल्यात दिसले. लंडनमधील बूट बनवणारे आरॉन सॅलोमन यांनी आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला आणि किमतीपोटी शेअर्सबरोबर १०,००० पौंडांचे, तरत्या बोजाचे डिबेंचर म्हणजे कर्जरोखे घेतले. कंपनी बुडाली. डिबेंचर ज्याच्याकडे गहाण होते त्याचे पैसे फिटल्यावर सुमारे हजार पौंड उरले. साडेसात हजार पौंडांहून जास्त येणे असलेले विनातारण धनको समोर उभे होते. नोव्हेंबर १८९६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला की उरलेली रक्कम सॅलोमन यांचीच. निकाल देणाऱ्यांपैकी लॉर्ड मॅकनॉटन यांनीच त्यात म्हटले की डिबेंचरधारक येऊन सगळे झाडून नेतात आणि ही मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे.

कामगारांचा थकलेला पगार आणि कर यांना १८८८ च्या कायद्याने अग्रक्रम दिला होता, पण तो फक्त विनातारण धनकोंच्या पुढे. तरत्या बोजापुढे त्याचा उपयोग नव्हता. १८९७ मध्ये संसदेने दुरुस्ती केली: अग्रक्रमाची देणी तरत्या बोजाखालच्या मालमत्तेतूनही आधी द्यायची. स्थिर बोजाला हात लावला नाही. पुढची शंभर वर्षे या ढाच्यावरच गेली.

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ आणि तिची मालमत्ता वेगवेगळ्या काळातल्या नियमांनी वाटून पाहू. इमारत ४,००,००० पौंडांना विकली गेली. तिच्यावर बँकेचा स्थिर बोजा आहे. माल आणि येणी यांतून, कंपनी गुंडाळणाऱ्या लिक्विडेटरचा खर्च वजा जाता, २,५०,००० मिळाले. त्यांवर त्याच बँकेचा तरता बोजा. बँकेचे येणे ७,००,०००. कामगारांचे अग्रक्रमाचे पगार ३०,०००, सरकारचा व्हॅट आणि पगारातून कापलेला कर १,२०,०००, पुरवठादारांचे ४,००,०००. इमारतीचे ४,००,००० बँकेने घेतले, तिचे ३,००,००० बाकी राहिले. प्रश्न फक्त २,५०,००० चा आहे.

१८९६ च्या नियमाने हे सारे बँकेचे. बाकी सगळ्यांना शून्य. १८९७ नंतरच्या नियमाने आधी कामगारांचे ३०,००० आणि कराचे १,२०,००० जातात, बँकेला १,००,००० मिळतात. पुरवठादारांना तरीही शून्यच! सुधारणेचे कौतुक करताना हे विसरले जाते: बँकेच्या ताटातले कामगार आणि सरकारला गेले, उधारीवर माल देणाऱ्याच्या वाट्याला काही आले नाही.

सर केनेथ कॉर्क यांच्या समितीने १९८२ मध्ये हे बोलून दाखवले आणि तरत्या बोजाच्या रकमेतला दहावा हिस्सा विनातारण धनकोंसाठी बाजूला ठेवण्याची शिफारस केली. ती तेव्हा स्वीकारली गेली नाही. सप्टेंबर २००३ पासून एक वेगळा सौदा अमलात आला: सरकारने कराचा अग्रक्रम सोडला आणि त्या बदल्यात राखीव हिस्सा सुरू झाला. अग्रक्रमाची देणी दिल्यावर उरलेल्या तरत्या मालमत्तेतील पहिल्या १०,००० पौंडांचा निम्मा आणि त्यापुढच्या रकमेचा पाचवा भाग, कमाल ६,००,००० पौंडांपर्यंत. आपल्या उदाहरणात कामगारांचे ३०,००० गेल्यावर २,२०,००० उरतात. राखीव हिस्सा ५,००० अधिक ४२,०००, म्हणजे ४७,०००, बँकेला १,७३,०००. या हिश्श्यात बँकेला तिच्या उरलेल्या तुटीसाठी वाटा मागता येत नाही, असे न्यायालयांनी नंतर स्पष्ट केले. तो पुरवठादार आणि कर खाते यांच्या मिळून ५,२०,००० च्या येण्यात वाटला जातो. पौंडामागे सुमारे ९ पेन्स. पुरवठादारांना साधारण ३६,१५०.

डिसेंबर २०२० मध्ये सरकार परतले. व्हॅट आणि कामगारांच्या पगारातून कापलेला कर यांना पुन्हा अग्रक्रम मिळाला, मात्र पगारांच्या खाली, दुय्यम. (त्याच वर्षी एप्रिलपासून नव्या तरत्या बोजांसाठी राखीव हिश्श्याची कमाल ८,००,००० झाली होती, आपल्या उदाहरणाला तिचा स्पर्श होत नाही.) आता ३०,००० आणि १,२०,००० आधी जातात, १,००,००० उरतात. राखीव हिस्सा २३,०००, बँकेला ७७,०००, पुरवठादारांना पौंडामागे पावणेसहा पेन्स. २००३ च्या वाटपाशी तुलना केली तर सरकारला सुमारे १,०९,००० जास्त मिळाले. त्यातले ९६,००० बँकेकडून आले आणि उरलेले १३,००० पुरवठादारांकडून. हिस्सा राखीव असला तरी तो ज्या रकमेवर मोजायचा तीच आक्रसली.

हे सगळे हिशेब एका गृहीतावर उभे आहेत: येण्यांवरचा बोजा तरता आहे. बँकांनी हे केव्हाच ओळखले होते, म्हणून करारात येण्यांवरच्या बोजाला ‘स्थिर’ म्हणण्याची पद्धत पडली. वरच्या २,५०,००० पैकी २,००,००० येण्यांचे असतील आणि ते स्थिर ठरले, तर तरत्या मालमत्तेत केवळ ५०,००० उरतात. आजच्या नियमाने कामगारांचे ३०,००० फिटतात, कर खात्याला २०,००० मिळतात, राखीव हिस्सा शून्य, पुरवठादार पुन्हा रिकाम्या हाताने परत.

२००५ मध्ये स्पेक्ट्रम प्लस प्रकरणात हाऊस ऑफ लॉर्ड्सने ही वाट अडवली. कागदावर काय लिहिले आहे ते न पाहता, वसूल झालेले पैसे कंपनी खात्यातून मोकळेपणाने काढू शकत होती का, ते पाहायचे. काढू शकत असेल तर बोजा तरताच. त्यामुळे वाटपाचा तक्ता हाती आला की टक्केवारीआधी कराराची ती कलमे आणि बँक खात्याचा प्रत्यक्ष व्यवहार तपासावा लागतो. कर्जदात्यांकडे आणखी एक रस्ता मात्र आहे: येण्यांवर बोजा न घेता ती थेट विकत घ्यायची. अशी विकलेली येणी कंपनीची राहत नाहीत, आणि वाटपाच्या हिशेबात ती धरलीच जात नाहीत.