भरती मेडिकलमधली रंगदृष्टी चाचणी आणि रिव्ह्यू

रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचायला लावतात, ती ही टेस्ट. कोल्हापुरात ग्राऊंड मारणारी पोरं तिला नुसतं 'कलर ब्लाइंड' म्हणतात, म्हणजे "लेखी, ग्राऊंड सगळं झालं, कलर ब्लाइंडला गेलो" असं. इथं मुख्यतः केंद्रीय सशस्त्र दलांच्या कॉन्स्टेबल भरतीतलं, म्हणजे एसएससी जीडीतलं चित्र दिलंय.

ही चाचणी नोकरीत कशी घुसली यावर एकमत नाही. नेहमीची गोष्ट अशी की नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमधल्या लागेरलुंडाजवळ दोन गाड्यांची टक्कर झाली, उप्सालाचे प्राध्यापक फ्रिथिऑफ होल्मग्रेन यांनी रंगांधळेपणावर बोट ठेवलं आणि लोकरीच्या रंगीत लडी जुळवायला लावून रेल्वे कर्मचारी तपासायला सुरुवात केली. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र त्या अपघाताचे पुरावे परत तपासले, आणि टक्कर रंगांधळेपणामुळंच झाली असं ठामपणे म्हणता येत नाही असं त्यांचं मत पडलं. हेच मत जास्त पटण्यासारखं आहे. पण अपघाताचं कारण काहीही असो, चाचणी पसरली ती होल्मग्रेन यांच्या आग्रहामुळं हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. लोकरीच्या चाचणीतून रंगदोष असलेले काही जण सुटायचे म्हणून इंग्लंडात एड्रिज-ग्रीन यांनी रंगीत दिव्यांचा कंदील आणला, तो आपल्या रेल्वेच्या मेडिकलमध्ये अजून नावानं ओळखतात. ठिपक्यांचं पुस्तक टोकियोच्या शिनोबू इशिहारा यांचं, साधारण १९१७ चं, आणि तेही मुळात सैन्यभरतीच्या गरजेतूनच आलेलं.

पूर्ण पुस्तकात ३८ पानं असतात. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांना दिसतो, त्यामुळं जो तोही चुकवतो तो एकतर नीट बघत नाही किंवा मुद्दाम चुकतोय हे डॉक्टरला कळतं. पुढं ८ च्या जागी ३ किंवा ७४ च्या जागी २१ वाचलं तर लाल-हिरव्याचा दोष धरतात. पहिल्या २१ पानांपैकी १७ किंवा जास्त बरोबर आली तर नॉर्मल, १३ किंवा कमी आली तर दोष. पुस्तक ७५ सेंटिमीटरवर, दिवसाच्या उजेडात धरायचं आणि एका पानाला तीनेक सेकंद द्यायचे, हा नियम. पिवळ्या बल्बखाली किंवा उन्हानं रंग उडालेल्या पुस्तकावर निकाल फिरू शकतो. मोबाईलवर बघून "मला सगळं दिसतं" म्हणणं याच कारणानं धोक्याचं, कारण स्क्रीनवर छपाईचे रंग तसेच राहत नाहीत.

जीडीत लागतं ते इशिहारावर सीपी-३, म्हणजे रंगदृष्टीची तिसरी श्रेणी, आणि चष्म्याशिवाय लांबचं एका डोळ्याला ६/६, दुसऱ्याला ६/९. उजव्या हाताच्या माणसाचा उजवाच डोळा चांगला हवा. ही अट पोरं बऱ्याचदा विसरतात.

आता समजा कागलचा एक पोरगा आहे. उजवा ६/६, डावा ६/९, म्हणजे नजर पास. पुस्तकात १२ वाचला, ८ ला ३ म्हणाला, ७४ ला २१ म्हणाला, आणि मागच्या एका पानावरच्या २६ या आकड्यात त्याला २ च दिसला. नुसता २ दिसणं हे हिरव्या बाजूच्या दोषाचं लक्षण, लाल बाजूच्या दोषात ६ दिसतो. त्याला अनफिटचा कागद कारणासकट मिळतो. सध्याच्या पद्धतीत रिव्ह्यू मेडिकलसाठी तयार आहे का नाही हे २४ तासांत लिहून द्यायचं असतं, त्यामुळं घरी जाऊन भावाला विचारून बघू म्हणत बसलं तर वेळ निघून जातो. रिव्ह्यूत बोर्डाचे डॉक्टर परत तपासतात आणि त्यांचा निर्णय शेवटचा, पुढं खात्यात अपील नाही.

या पोराचा निकाल रिव्ह्यूत बदलेल का? त्याच्या चुका एकाच दिशेच्या आहेत, ८ चा ३, ७४ चा २१, २६ मधला २, तर हा जन्मजात दोष आहे आणि तो औषधानं किंवा डोळ्यांच्या व्यायामानं जात नाही. तरी पण घाईत पानं पलटवली गेली, खोलीत उजेड नव्हता असं खरंच असेल तर रिव्ह्यू घ्यावाच. चुका विस्कळीत असतील, म्हणजे एक पान चुकलं आणि तसलंच दुसरं बरोबर आलं, तर आशा जास्त.

बाहेरच्या डॉक्टरचं 'नॉर्मल' सर्टिफिकेट घेऊन लोक फार विश्वासानं जातात, पण बोर्डावर ते बंधनकारक नाही. रेल्वेत पद्धत वेगळी आहे, तिथं अपिलाला महिनाभराची मुदत असते, आणि उमेदवार आधी अनफिट ठरलाय हे माहीत असून सर्टिफिकेट देतोय असं डॉक्टरनं त्यात लिहिलेलं लागतं, नाहीतर कागद विचारात घेत नाहीत.

रिव्ह्यूनंतर राहतं ते हायकोर्ट, आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. कोर्ट सहसा डॉक्टरांच्या मतात पडत नाही, प्रक्रिया पाळली का एवढंच बघतं, कधी वेगळ्या बोर्डाकडं तपासणीला पाठवतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रंगांध विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा प्रश्न २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं विद्यार्थ्याच्या बाजूनं सोडवला, पण ते शिक्षणाचं प्रकरण होतं, ते जसंच्या तसं हत्यारी दलाला लावता येत नाही.