मॅकनेमार कसोटी
त्याच माणसांनी प्रशिक्षणाआधी आणि नंतर दिलेल्या होय-नाही उत्तरांत घडलेला बदल निव्वळ योगायोग म्हणता येईल का, हे तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी ती १९४७ मध्ये मांडली.

समजा, निफाड-दिंडोरी भागातल्या ६० द्राक्ष बागायतदारांना विचारले, ‘शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, हे औषधाच्या लेबलवर बघता का?’ आधी २२ जण ‘होय’ म्हणाले, प्रशिक्षणानंतर ३६. दोन्ही वेळा ‘होय’ म्हणणारे १७ आणि दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणारे १९ जण कसोटीच्या उपयोगाचे नाहीत, कारण त्यांचे उत्तर हललेच नाही. कसोटी फक्त उत्तर बदललेल्यांकडे पाहते: ‘नाही’वरून ‘होय’वर आलेले १९ आणि उलट गेलेले ५. प्रशिक्षणाने काहीच फरक पडला नसता, तर हे २४ जण दोन्ही बाजूंना साधारण सारखे विभागले गेले असते. फरकाचा वर्ग भागिले बेरीज, म्हणजे १९६ ÷ २४ = ८.१७. पाच टक्के पातळीची मर्यादा, म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरात पाचच वेळा ओलांडला जाणारा आकडा, ३.८४ आहे, म्हणून हा बदल योगायोगाच्या खात्यावर टाकता येत नाही. बदललेले लोक पंचवीसपेक्षा कमी असले, तर नाणेफेकीच्या गणिताने थेट संभाव्यता काढणे बरे. इथे ती सुमारे ०.००७ येते.

अनेकदा हाती येतो तो अहवालातल्या तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि त्यात ‘आधी २२, नंतर ३६’ एवढेच असते. त्यावरून दोन्ही बाजूंना बदललेल्यांतला फरक १४ आहे हे कळते, पण बदललेले एकूण किती हे कळत नाही. कोणीच उलट गेले नसेल, तर बदललेले १४ आणि भागाकारही १४ येतो. आधीचे बावीसही ‘नाही’वर गेले असतील, तर बदललेले ५८ आणि भागाकार ३.३८, म्हणजे मर्यादेच्या खाली. एकाच फोटोतून दोन्ही निष्कर्ष निघू शकतात! अशा वेळी दोन टक्केवारींवर साधी काय-स्क्वेअर चाचणी लावण्याचा मोह होतो, पण ती १२० वेगळी माणसे धरून चालते. इथे माणसे साठच आहेत. मूळ प्रश्नावल्या मागवणे हाच उपाय.

चारही गटांचे आकडे असलेला तक्ता मिळाला, तरी हस्ताक्षरातला ९ आणि १ फोटोत सहज गल्लत करतात. १९ चे ११ वाचले गेले, तर बदललेल्यांतला फरक ६ येतो, एकूण ‘होय’मधला मात्र १४. हे दोन फरक नेहमी सारखेच असायला हवेत, त्यामुळे चूक तिथेच पकडली जाते.

दुसऱ्या फेरीला न आलेला बागायतदार कसोटीतून गळतो. दरम्यान कीटकनाशकाच्या दुकानदाराने तेच सांगितले असेल, तर श्रेय प्रशिक्षणाचे की त्याचे, हे प्रशिक्षण न मिळालेला दुसरा गट शेजारी असल्याशिवाय ठरवता येत नाही.